मुरघासाची पहिली पिशवी: हवा कुठून येते आणि काय करते

एकाच शेतातला मका, एकाच दिवशी कापलेला, एकाच यंत्रातून कुट्टी केलेला. दोन पिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन महिन्यांनी उघडल्या तेव्हा पहिलीतून ताकासारखा आंबूस वास आला आणि गाईंनी गव्हाण चाटूनपुसून साफ केली. दुसरीच्या तोंडाशी वीतभर काळपट, लिबलिबीत थर निघाला, त्याखाली पांढरी-निळी बुरशी आणि हात आत घातला तर कोमट लागत होतं. माझं ते पहिलंच वर्ष. मक्यात काही दोष असेल, जिवाणूंचं औषध कमी पडलं असेल, असं बराच वेळ वाटत राहिलं. शेवटी पिशवी रिकामी करून उलटी केली तेव्हा तळाशी उंदराने पाडलेलं करंगळीएवढं भोक दिसलं. तोंडही एकाच सुतळीने, सैलसर बांधलेलं होतं. एवढंच कारण होतं. मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवून टिकवलेला हिरवा चारा, पहिल्यांदा करणाऱ्याने बाकी सगळ्याआधी हे भोक समजून घ्यावं, म्हणून हा लेख त्याच्याभोवती आहे. उदाहरण मक्याचं आणि पिशवीचं घेतलं आहे. पिशवीच का, तेही पुढे हिशेबाने येईल.

पिशवीच्या आत काय चालतं

कापलेलं मक्याचं ताट लगेच मरत नाही. त्याच्या पेशी श्वास घेत राहतात, म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःतली साखर जाळतात आणि उष्णता सोडतात. कुट्टीचा ढीग तासा-दोन तासांत गरम होतो तो यामुळे. त्याच वेळी पानांवर आणि खोडावर आधीपासून असलेले सूक्ष्मजीव कामाला लागतात. त्यांत लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू असतात, पण ते एकटे नसतात. यीस्ट असतं, बुरशीचे बीजाणू असतात, शेणामातीतून आलेले, चारा कुजवणारे क्लॉस्ट्रिडियम जिवाणू असतात, आणखीही काही असतात. सगळ्यांचा डोळा एकाच गोष्टीवर असतो: ताटातली साखर.

ही साखर कोणाच्या वाट्याला जाईल ते हवा ठरवते. ऑक्सिजन संपला की पेशींचा श्वास थांबतो. बुरशीला ऑक्सिजनशिवाय वाढता येत नाही, ती गप्प बसते. लॅक्टिक जिवाणूंचं मात्र ऑक्सिजनवाचून काही अडत नाही. उलट बाकीची गर्दी कमी झाल्यावर ते झपाट्याने वाढतात. साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या आम्लात बाकीच्यांना जगणं कठीण होतं, त्यांना स्वतःला ते बऱ्यापैकी सोसतं. आम्ल किती ते पीएचच्या आकड्यावरून कळतं, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. ताज्या मक्याचा पीएच साधारण ६ च्या आसपास असतो. चांगल्या पिशवीत तो आठवडाभरात ४ च्या जवळ येतो आणि पुढे ३.८ ते ४.२ मध्ये स्थिरावतो. तिथे क्लॉस्ट्रिडियमही हतबल होतात आणि शेवटी लॅक्टिक जिवाणूही थंडावतात. म्हणजे मुरघास हे जाणूनबुजून अर्ध्यावर थांबवलेलं आंबवणं आहे.

लॅक्टिक जिवाणूंच्या दोन तऱ्हा आहेत, आणि पुढे एका ठिकाणी हा फरक उपयोगी पडणार आहे. एक तऱ्हा ग्लुकोजच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू करते, जवळजवळ काहीच वाया न घालवता. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा त्यातला सर्वांत माहितीचा. दुसरी तऱ्हा लॅक्टिक आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल किंवा अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, तयार करते. लॅक्टोबॅसिलस बुकनेरी या दुसऱ्या तऱ्हेचा. पहिली काटकसरी, दुसरी थोडी खर्चिक. पण खर्चिक म्हणून तिला नावं ठेवू नका.

सगळा खेळ पीएच लवकर खाली आणण्याचा आहे, याचा एक वेगळाच पुरावा फिनलंडमध्ये मिळतो. तिथले रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी जिवाणूंची वाट न पाहता चाऱ्यावर थेट विरल खनिज आम्लं टाकून पीएच ४ च्या खाली नेण्याची पद्धत काढली. त्यांना १९४५ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या चारा टिकवण्याच्या कामाचा उल्लेख होता. आपल्याला आम्ल ओतायचं नाही. तेच काम जिवाणूंकडून फुकटात करून घ्यायचं आहे.

आत राहिलेली हवा आणि आत येत राहणारी हवा

नवखा माणूस दाबताना घाम गाळतो तो "आतली सगळी हवा काढायची" म्हणून. सगळी हवा निघतच नाही, आणि ती निघाली नाही म्हणून फारसं बिघडतही नाही. हिशेब करून पाहू.

एक घनमीटरची पिशवी घ्या. पायाने नीट तुडवली तर तीत साधारण ५०० किलो मक्याची कुट्टी बसते. त्यात तिसरा हिस्सा कोरडा भाग आहे, बाकी पाणी. पाणी आणि कोरडा भाग मिळून जेमतेम ४५० लिटर जागा घेतात, म्हणजे घट्ट वाटणाऱ्या पिशवीतही ५५० लिटर जागा हवेचीच असते. एक घनमीटर हवेत साधारण २७० ग्रॅम ऑक्सिजन असतो आणि तेवढा ऑक्सिजन अडीचशे ग्रॅम साखर जाळू शकतो. मग आपल्या पिशवीत अडकलेली हवा जाळेल जेमतेम १४० ग्रॅम साखर. त्या पिशवीतल्या मक्यात साखर आहे सुमारे १३ किलो, कोरड्या भागाच्या आठ टक्के धरून. अडकलेली हवा काही तासांत संपते आणि तिचं नुकसान चिमूटभर असतं.

आता ती उंदराची पिशवी. तळाशी भोक, वर सैल तोंड. आत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असतो. तो तळातल्या भोकातून हळूहळू खाली निसटतो आणि त्याच्या जागी वरच्या तोंडातून ताजी हवा ओढली जाते. त्यात दिवसा पिशवी तापून फुगते, रात्री आकसते, म्हणजे ती अक्षरशः श्वास घेते. दिवसाला समजा १०० लिटर हवा शिरली. त्या दिवशी २५ ग्रॅम जळेल, दोन महिन्यांत दीड किलो. हा आकडाही फार मोठा वाटत नाही ना? पण हे दीड किलो सगळ्या पिशवीतून थोडं थोडं जात नाही. हवा जिथून शिरते तिथल्याच वीतभर थरात ते जळतं, तिथेच उष्णता होते आणि तिथेच बुरशी धरते. जळालेल्या दीड किलोपायी ४०-५० किलो मुरघास उकिरड्यावर जातो.

यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे आम्लावरचा विश्वास. एकदा आंबलं, पीएच ४ झाला, आता काय होणार, असं वाटतं. आम्ल क्लॉस्ट्रिडियमला रोखतं, पण यीस्टला नाही. काही यीस्ट आम्लात निवांत झोपून असतात आणि हवा मिळाली की चक्क लॅक्टिक आम्लच खायला लागतात. आम्ल कमी झालं की पीएच वर चढतो, आणि मग ज्यांना आम्लाने दारात अडवून ठेवलं होतं ते बुरशी आणि इतर जिवाणू आत येतात. त्यामुळे आम्लाचं संरक्षण हवाबंद असेपर्यंतच. उघड्या पिशवीत ते काही दिवसांचं पाहुणं असतं.

मग दाबायचं कशासाठी? दोन कारणं आहेत. दाबलेल्या कुट्टीत पोकळ्या बारीक होतात आणि हवा आत खोलवर पोचत नाही, याचा फायदा पिशवी उघडल्यानंतर रोज मिळतो. आणि तेवढ्याच पिशवीत जास्त चारा मावतो. "हवा बाहेर काढायची" हे कारण तिसऱ्या क्रमांकाचं आहे.

खड्डा की पिशवी: आधी रोजचा काप मोजा

मुरघास उघडला की रोज ताज्या तोंडावरून किमान १५ सेंटिमीटरचा काप काढला गेला पाहिजे, उष्ण दिवसांत त्याहून जास्त. कारण हवा रोज आत सरकत असते. तुम्ही तिच्यापेक्षा वेगाने खात गेलात तर ती मागे पडते. म्हणून खड्ड्याची रुंदी जागा किती आहे यावरून ठरत नाही, जनावरं किती खातात यावरून ठरते.

समजा सहा गाई आहेत आणि प्रत्येकीला दिवसाला १५ किलो मुरघास द्यायचा आहे. रोजचे ९० किलो झाले. घनमीटरला ५०० किलोच्या हिशेबाने ते ०.१८ घनमीटर. १५ सेंटिमीटरचा काप घ्यायचा तर समोरचं तोंड १.२ चौरस मीटरपेक्षा मोठं चालणार नाही. म्हणजे १.२ मीटर रुंद आणि एक मीटर उंच. सहा महिन्यांना १६,२०० किलो, म्हणजे साडेबत्तीस घनमीटर लागतील. एवढ्या अरुंद तोंडाचा खड्डा २७ मीटर लांब खणावा लागेल. हे कोणी करत नाही. लोक तीन मीटर रुंद खड्डा खणतात आणि मग रोज पाच-सहा सेंटिमीटर खरवडत बसतात, तोवर आतला मुरघास गरम झालेला असतो.

तोच चारा एक घनमीटरच्या पिशव्यांत भरला तर एक पिशवी साडेपाच दिवसांत संपते, रोज १८ सेंटिमीटर खाली जाते आणि बाकीच्या पिशव्या बंदच राहतात. एखादी बिघडली तर एकच बिघडते. सहा महिन्यांना ३३ पिशव्या लागतात. थोडी घट आणि एखादी पिशवी वाया जाणार असं धरून ३६ भराव्यात, म्हणजे १८ टन हिरवा मका. जनावरं तीस-चाळीस झाली की चित्र उलटतं. मग ट्रॅक्टरने दाबलेला खड्डा किंवा जमिनीवरचा बंकर सोयीचा आणि तोही सुरक्षित, कारण रोजचा काप आपोआपच मोठा होतो.

कापायचं कधी

मका फार कोवळा असेल तर पाणी जास्त आणि आम्ल पातळ, क्लॉस्ट्रिडियमला मोकळं रान मिळतं आणि तळाशी रस गळून पोषणही वाहून जातं. फार पक्का असेल तर कुट्टी दाबली जात नाही, स्प्रिंगसारखी वर उसळते. आपल्याला कोरडा भाग ३० ते ३५ टक्के हवा.

शेतात बघायचं असं: कणीस मधोमध मोडा आणि शेंड्याकडचा तुकडा हातात घ्या. मोडलेल्या तोंडाकडे वळलेल्या दाण्यांच्या बाजूवर एक आडवी रेषा दिसते. वरचा भाग घट्ट, पिवळा आणि पिठाळ, खालचा पांढुरका आणि चीक असलेला. ही रेषा दाण्याच्या माथ्यापासून निघून बुरकुंडाकडे उतरत जाते. ती निम्म्यावर आली की तयारी करा, दोन-तृतीयांशाच्या पुढे जाऊ देऊ नका. रेषा दिसायला लागली पण अजून माथ्याशीच आहे, तर थांबा.

दुसरी परीक्षा कुट्टीची. मूठभर कुट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबून धरा आणि हळूच मूठ उघडा. बोटांमधून रस ओघळला तर मका अजून ओला आहे. गोळा सावकाश उलगडला आणि तळहात फक्त ओलसर झाला तर काम सुरू करा. मूठ उघडताच गोळा विस्कटला तर उशीर झाला आहे. तेव्हा कुट्टी आणखी बारीक करा आणि दाबण्यावर दुप्पट वेळ घाला.

जमिनीपासून वीतभर वर कापा. खालच्या बुंध्यात पोषण कमी असतं आणि त्याला माती चिकटलेली असते, मातीबरोबर क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू येतात. कुट्टी करायच्या जागेवर ताडपत्री अंथरा, तीही याच कारणासाठी.

कुट्टी एक ते दोन सेंटिमीटरची असू द्या. मोठे तुकडे दाबले जात नाहीत आणि गाई गव्हाणीत बुरकुंडं वेगळी काढून ठेवतात. यंत्राच्या पात्यांना धार नसेल तर मका कापला जात नाही, फाडला जातो आणि लांब चिंध्या निघतात. चिंध्या दिसल्या की थांबून पाती काढा. अख्खा दिवस तसाच रेटण्यापेक्षा अर्धा तास धार लावलेली परवडते. कणसातला प्रत्येक दाणा निदान चिरडला गेला पाहिजे. अख्खे दाणे गाईच्या पोटातून जसेच्या तसे शेणात येतात.

भरणं आणि तोंड बांधणं

पिशवी दुहेरी असते: बाहेर विणलेली, वजन पेलणारी आणि आत हवा अडवणारं प्लास्टिकचं अस्तर. हवा अडवण्याचं काम फक्त अस्तराचं, बाहेरची पिशवी गाळणीसारखी असते. त्यामुळे अस्तर आधी उजेडाकडे धरून भोकं पाहा. नखाने सहज फाटेल इतकं पातळ असेल तर परत करा. पिशवी ठेवायची तिथेच भरा, कारण भरलेली पाचशे किलोची पिशवी ओढली की अस्तर फाटतं. खाली खडे, काड्या, खिळे नकोत. वाळूचा पातळ थर किंवा जुनी ताडपत्री पुरते.

कुट्टी एका वेळी चार बोटं उंचीची टाका आणि तुडवा. तुडवण्याची सुरुवात कोपऱ्यांपासून, मग कडा आणि शेवटी मध्य. आपण नेहमी उलटं करतो. माणूस आपसूक मधोमध उभा राहतो, मधला भाग दगडासारखा होतो आणि कडा पोकळ राहतात. बुरशी नेमकी कडेला दिसते ती याचमुळे. टाचेखाली कुट्टी दबत नाही आणि बोट खुपसलं तर पहिल्या पेराच्या पुढे जात नाही, असा थर झाला की पुढचा टाका. पायांत स्वच्छ रबरी बूट हवेत, शेणातून आलेल्या चपला नकोत.

एक पिशवी एकाच दमात भरा. अर्धवट पिशवी रात्रभर उघडी ठेवली तर त्या थराने रात्रभर साखर जाळलेली असते आणि तिथे एक गडद पट्टा आयुष्यभर दिसतो. वीज गेली, यंत्र बिघडलं, पाऊस आला, काहीही होवो. अस्तर कुट्टीवर दुमडून वर वजन ठेवा.

जिवाणूंचं कल्चर टाकायचं का, हे प्रत्येक जण विचारतो. योग्य वेळी कापलेल्या मक्यात साखर भरपूर असते आणि लॅक्टिक जिवाणूही असतात, त्यामुळे मका त्यावाचून आंबतो. टाकायचंच असेल तर कशासाठी ते ठरवा. प्लँटारम पीएच लवकर उतरवतो. बुकनेरी लॅक्टिक आम्लाचा काही भाग अ‍ॅसेटिक आम्लात बदलतो आणि अ‍ॅसेटिक आम्ल यीस्टला दाबून ठेवतं. म्हणून उघडल्यानंतर मुरघास तापण्याची ज्यांची नेहमीची तक्रार आहे त्यांना हा खर्चिक कामगार उपयोगाचा. पण त्याला वेळ लागतो, दीड-दोन महिने बंद ठेवल्याशिवाय त्याचा गुण दिसत नाही. कल्चर क्लोरीन नसलेल्या पाण्यात कालवा, नाहीतर भरण्याआधीच ते मरतं. आणि कोणतंही कल्चर भोक बुजवत नाही.

आता तोंड. माझ्या मते निम्मं कौशल्य इथे आहे आणि निम्मे लोक इथेच दमलेले असतात. वर थोडी जागा सोडा. अस्तराच्या कडा उभ्या करून कुट्टीच्या पृष्ठभागापासून वरच्या दिशेने हातांनी हवा दाबत आणा. मग अस्तर दोरीसारखं पीळ घालून घट्ट वळा, पीळ पडलेल्या भागाला कुट्टीच्या अगदी जवळ पहिली गाठ मारा. उरलेला शेंडा खाली दुमडून दुप्पट करा आणि दुसरी गाठ दोन्ही पदरांवरून मारा. एका गाठीत हवेला सुरकुत्यांमधून वाट मिळते. दुमडलेल्या तोंडात ती वाट बंद होते. सुतळीपेक्षा रबराची पट्टी बरी, कारण प्लास्टिक आकसलं तरी ती सैल पडत नाही. बाहेरची पिशवी नंतर वेगळी बांधा. वर तारीख लिहा.

पहिले दहा दिवस: फुगलेल्या पिशवीला टोचू नका

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिशवी फुगते. नवखा माणूस घाबरतो आणि सुई घेऊन येतो. ते फुगणं कार्बन डायऑक्साइडचं आहे, जिवाणू आणि पेशींनी सोडलेलं. ते आतल्या हवेची जागा घेतं म्हणून ते मित्रच आहे, आणि तोंड नीट बांधलं गेल्याची ती पावतीही आहे. आठवडाभरात फुगा आपोआप बसतो. पण न फुगलेली प्रत्येक पिशवी गळकी असते असं नाही.

या दिवसांत खड्डा किंवा बंद खोलीतला साठा असेल तर एक खरा धोका असतो. ताटातल्या नायट्रेटपासून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होऊ शकतो. हा तपकिरी-पिवळसर, उग्र वासाचा, हवेपेक्षा जड वायू फुप्फुसं जाळतो. जोडीला कार्बन डायऑक्साइड खड्ड्याच्या तळाशी साचून श्वास कोंडतो, आणि त्याला रंग किंवा वास नसतो. पहिले तीन आठवडे खोल खड्ड्यात उतरू नका, लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नका, पिशव्या मोकळ्या हवेच्या छपराखाली ठेवा. आत कोणी कोसळलं तर त्याच्या मागे उडी मारू नका. दुसराही तिथेच राहतो.

आठवड्यातून एकदा पिशव्यांभोवती फेरी मारा. उंदराच्या लेंड्या, पक्ष्यांनी टोचलेल्या जागा, खाली ओलसर डाग हे पाहायचं. भोक सापडलं तर ती जागा पुसून पूर्ण कोरडी करा आणि प्लास्टिकसाठीची जाड चिकटपट्टी भोकाच्या चहूबाजूंनी चार बोटं जास्त घेऊन लावा. खोके बंद करायची साधी पट्टी उन्हाने महिन्यात सुटते. पिशव्यांखालचं आणि भोवतीचं गवत, सांडलेली कुट्टी साफ ठेवा. उंदराला लपायला जागाच मिळू नये.

उघडल्यावर काय पाहायचं

तीन आठवड्यांत आंबणं बहुतेक उरकलेलं असतं, पण ४५ दिवस थांबा. उघडल्यावर रंग पिवळसर हिरवा, पानं आणि दाणे वेगळे ओळखू येणारे, वास ताकासारखा किंवा सौम्य व्हिनेगरचा. पीएच तपासायची कागदी पट्टी मिळाली तर मूठभर मुरघास थोड्याशा पाण्यात कालवून बुडवा, ४.२ च्या आत असेल तर निर्धास्त.

बिघाड नाकाला आणि हाताला कळतो. तंबाखूसारखा तपकिरी रंग आणि करपलेल्या साखरेचा गोड वास आला तर भरताना उशीर झाला आणि आत तापलं आहे. गाई असा मुरघास आवडीने खातात, पण त्यातली प्रथिनं उष्णतेने बांधली गेलेली असतात आणि पचत नाहीत. कुजका, हात धुऊनही न जाणारा वास आणि बोटांना चिकटपणा आला तर ते ब्युटिरिक आम्ल; मका फार ओला किंवा मातकट होता आणि क्लॉस्ट्रिडियम जिंकले. कोमटपणा, वर वाफ आणि पांढरी-निळी बुरशी दिसली तर हवा आली आहे. भोक शोधा.

बुरशीचा भाग आजूबाजूच्या वीतभर चांगल्या दिसणाऱ्या थरासह काढून टाका. थोडा-थोडा चांगल्यात मिसळून संपवण्याचा मोह आवरा. हवा शिरलेल्या, आम्ल उतरलेल्या मुरघासात लिस्टेरिया हा रोगकारक जिवाणू वाढू शकतो आणि त्यापायी गाभण जनावरं गाभडतात. अशा पिशवीतला संशयास्पद भाग गाभण गाईपुढे तर अजिबात नको.

रोज काढताना वरून सपाट थर काढा, मधोमध खड्डा करू नका. खड्डा केला की हवेला आत जायला मोठं तोंड मिळतं. काढून झालं की अस्तर परत पृष्ठभागावर चापून बसवा आणि वर विटा किंवा वाळूची थैली ठेवा. सकाळी काढलेला मुरघास त्याच दिवशी संपवा. उघडलेली पिशवी तापते का ते कळायला स्वयंपाकघरातला काटा असलेला थर्मामीटर हातभर आत खुपसा आणि रोज त्याच वेळी आकडा पाहा. बाहेरच्या हवेपेक्षा तो रोज चढत चालला तर यीस्ट जागे झाले आहेत. काप वाढवा, म्हणजे पिशवी चार दिवसांत संपवा.

गाईला मुरघास एकदम देऊ नका. पहिल्या दिवशी तीन-चार किलो द्या, बाकी नेहमीची वैरण, आणि आठ-दहा दिवसांत १५ किलोवर न्या. तिच्या पोटातल्या जिवाणूंनाही नव्या अन्नाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. मक्याच्या मुरघासात प्रथिनं कोरड्या भागाच्या सात-आठ टक्केच असतात, म्हणून पेंड आणि थोडी सुकी वैरण सोबत चालू ठेवावी लागते.

त्या वर्षी उरलेल्या पिशव्यांची तोंडं मी दुसऱ्यांदा, दुमडून बांधली आणि खालच्या कडेला विटांची ओळ लावली. पुढच्या सहा पिशव्यांत एकाच पिशवीच्या तोंडाशी चार बोटं बुरशी निघाली. त्या पिशवीची दुसरी गाठ मी अंधारात मारली होती.